झोपेतलं दात खाणं

मराठीत संतापलेला माणूस ‘दातओठ खातो’, आणि झोपेत जो कराकरा आवाज करतो तोही ‘दात खातो’. पहिल्याला आपण कारण विचारतो. दुसऱ्याला आमच्या घरी एकच उत्तर ठरलेलं: “जंत झाले असतील!” पण वय वर्षं चौतीस, नोकरी सॉफ्टवेअरची, दिवसाचं काम संपल्यावर रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या टीमबरोबर मीटिंग, अशा माणसाच्या बाबतीत आईचं हे निदान तितकंसं पटण्यासारखं नव्हतं.

माझी तक्रार दातांची नव्हतीच, डोकेदुखीची होती. सकाळी उठलो की दोन्ही कानशिलांत बोथट, आवळल्यासारखं दुखायचं. चहा होऊन दहा वाजेपर्यंत ते आपोआप ओसरायचं. डोळे तपासले, चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. रिलीजच्या आठवड्यात दुखणं वाढायचं. मग एके दिवशी बायको म्हणाली, “अरे, रात्रभर सुपारी कातरत होतास का?” त्यावरून दातांच्या डॉक्टरांकडे जायचं सुचलं.

डॉक्टरबेननी दातांआधी जीभ बघितली. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते आणि गालाच्या आतून, दात जिथे मिटतात त्या रेषेत, एक पांढरट उंचवटा होता. सुळ्यांची टोकं घासून सपाट झाली होती. मग त्यांनी माझीच बोटं माझ्या जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या थोडी खाली ठेवली आणि दात आवळायला सांगितलं. तिथे एक जाड स्नायू टम्म वर आला. हा मॅसेटर. तसाच एक पंख्यासारखा पसरलेला स्नायू कानशिलावर आहे, टेम्पोरॅलिस. चावताना दोघं मिळून काम करतात. रात्रभर काम केलेला टेम्पोरॅलिस सकाळी दुखतो आणि आपल्याला वाटतं, डोकं दुखतंय. ही तपासणी तुम्हीही घरी करू शकता. उठल्याबरोबर त्या दोन जागा बोटांनी दाबून बघा. त्या हुळहुळ्या असतील आणि दुखणं दोन्ही बाजूंना असून तासा-दोन तासांत ओसरत असेल, तर संशय जबड्यावर घ्यायला हरकत नाही.

यानंतर मला जे कळलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दात खाण्याचे प्रकार दोन आहेत, रात्रीचा आणि दिवसाचा, आणि दोन्हींचं गणित वेगळं आहे. रात्री झोप हलकी असताना मेंदू काही सेकंदांसाठी अर्धवट जागा होतो. हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एक अशा तालात आवळतात. आपल्याला पत्ताही नसतो. उशिराची कॉफी, दारू, सिगारेट, घोरणं आणि श्वास अडकणं, नैराश्यावरची काही औषधं, यांच्यासोबत हे जास्त दिसतं. दिवसाच्या प्रकारात सहसा आवाज नसतो. स्क्रीनकडे बघत आपण नुसते दात मिटून बसतो, आणि ताणाचा संबंध या दिवसाच्या सवयीशी जास्त घट्ट आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. मधे दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा असते. जेवणखाण, गिळणं सगळं धरूनही दात एकमेकांवर टेकण्याचा वेळ दिवसभरात जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास भरतो. हे ऐकताना माझे दात मिटलेलेच होते!

मग मी आमच्या धंद्यातलंच काम केलं: आधी लॉग, मग दुरुस्ती. ऑफिसच्या वेळात दर अर्ध्या तासाला मोबाइल थरथरेल असं लावलं आणि त्या क्षणी दात कसे आहेत ते तीन अक्षरांत टिपलं: ‘सु’ म्हणजे सुटे, ‘टे’ म्हणजे टेकलेले, ‘आ’ म्हणजे आवळलेले. पहिल्या आठवड्यात रोजच्या सोळा नोंदींपैकी नऊ-दहा ‘टे’ किंवा ‘आ’ होत्या. गंमत म्हणजे मीटिंगमधे बोलताना ‘सु’च असायचं. ‘आ’ यायचं ते एकट्याने बग शोधताना आणि दुसऱ्याचा कोड तपासताना. म्हणजे दोष अख्ख्या नोकरीचा नव्हता, ठरावीक दोन कामांचा होता. उपाय साधा: मनात ‘न’ म्हणायचं आणि जीभ तिथेच, वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली ठेवायची. ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे खाली. सहाव्या आठवड्यात ‘टे’ आणि ‘आ’ मिळून तीन-चारवर आले आणि संध्याकाळी जबडा जड होणं थांबलं.

रात्रीसाठी डॉक्टरबेननी नाइट गार्ड दिला. दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर कडक ॲक्रिलिकची पट्टी बनते. ती बसवताना निळा कागद चावायला लावतात. ठसे सगळ्या दातांवर सारखे उठेपर्यंत पट्टी घासत राहतात. हा भाग घाईने झाला तर एकाच दातावर भार येतो आणि दुखणं वाढतं. पहिल्या तीन-चार रात्री तोंडात लाळ जमायची, मग सवय झाली. पट्टी साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवायची, गरम पाण्याने नाही. ती वाकडी होते.

गार्ड दात खाणं थांबवत नाही. तो घाव स्वतःवर घेतो. चार महिन्यांनी माझ्या पट्टीवर सुळ्यांच्या जागी चकचकीत ओरखडे दिसू लागले. तेवढी झीज दातांची वाचली. घोरत असाल तर गार्ड करण्याआधी डॉक्टरांना सांगा; श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी हवी, कारण वरच्या दातांच्या पट्टीने काहींचा तो त्रास वाढू शकतो.

बाकी बदल किरकोळ. चारनंतर कॉफी नाही. रात्रीची मीटिंग संपल्यावर अर्धा तास लॅपटॉप बंद. दुखऱ्या आठवड्यात भाखरवडी, चकली आणि च्युइंगम बंद, पण आपल्या बडोद्याचा लीलो चेवडो चालू, तो जबड्याला त्रास देत नाही. सकाळी पाच-दहा मिनिटं गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन गालांवर. डोकेदुखी पूर्ण गेली असं म्हणणार नाही. आठवड्यातल्या चार-पाच सकाळींवरून ती एकीवर आली आहे, आणि रिलीजच्या आठवड्यात अजूनही दोनदा भेटते.

आता घरातल्या इतरांविषयी. लहान मुलं झोपेत दात खातात ते सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयाबरोबर थांबतं. मात्र सोबत घोरणं असेल तर डॉक्टरांना दाखवा. आपली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, जबडा अडकत असेल किंवा एकच दात गारव्याने कळ मारत असेल, तर थांबू नका. तो दात तडकलेला असू शकतो. आणि आई-बाबांपैकी कुणाला पन्नाशीनंतर नव्यानेच कानशिलात दुखू लागलं, घास चावताना जबडा भरून यायला लागला किंवा दिसण्यात फरक पडला, तर ते दात खाणं समजू नका. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आली की असं होतं आणि उशीर झाल्यास नजर जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि मंडळी, हे वाचताना तुमचे दात टेकलेले होते की सुटे?