एका तासाची पायपीट आणि षटकोनांचा नकाशा

१/ एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी दक्षिण जर्मनीचा नकाशा आणि पट्टी हाती देऊन नोर्डलिंगेन या जुन्या बाजारगावाची शेजाऱ्यांपासूनची अंतरे मोजायला सांगितली. पश्चिमेचे बोपफिंगेन सुमारे १० किलोमीटरवर निघाले, ईशान्येचे ओएटिंगेन सुमारे १४ वर. मला तो निव्वळ योगायोग वाटला.

२/ वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाला तसे वाटले नव्हते. छोटी गावे पुष्कळ, मोठी शहरे मोजकी, आणि दोन्ही ठरावीक अंतराने का विखुरलेली असतात, याचे उत्तर त्याने १९३३ साली दक्षिण जर्मनीवरील आपल्या ग्रंथात मांडले. त्यालाच आपण केंद्रस्थान सिद्धान्त म्हणतो.

३/ त्याचा पाया दोन साध्या कल्पनांवर आहे. पहिली उंबरठ्याची: दुकान टिकायला किमान किती गिऱ्हाईक हवे? दुसरी पल्ल्याची: त्या वस्तूसाठी माणूस किती दूर जाईल? पाव विकणाऱ्याचा उंबरठा ठेंगणा आणि पल्ला आखूड, म्हणून तो गावोगावी असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे दोन्ही मोठे, म्हणून तो मोजक्या शहरांतच आढळतो.

४/ आता सपाट प्रदेश कल्पा, जिथे लोकवस्ती सर्वत्र सारखी आहे. बाजाराला माणूस तासभर, म्हणजे सुमारे ४ किलोमीटर चालत येतो. प्रत्येक बाजाराभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर वर्तुळांमध्ये फटी राहतात किंवा ती एकमेकांवर चढतात. फट न ठेवता जमीन व्यापणारी आणि वर्तुळाच्या सर्वांत जवळ जाणारी आकृती म्हणजे षटकोन. अशा मांडणीत शेजारच्या दोन बाजारांमधले अंतर ४ × १.७३, म्हणजे जवळपास ७ किलोमीटर येते.

५/ वरच्या पायरीचे गाव आपले क्षेत्र तर सांभाळतेच, शिवाय भोवतालच्या सहा लहान बाजारांचे गिऱ्हाईकही ओढते. मात्र त्या प्रत्येकाच्या भोवती अशी तीन मोठी गावे असल्यामुळे एकाच्या वाट्याला तिसरा हिस्साच येतो. १ + ६ × १/३ = ३. क्षेत्र तिप्पट झाले की अंतर १.७३ पटीने वाढते. म्हणून पायऱ्या अशा चढतात: ७, १२, २१, ३६ किलोमीटर, आणि पुढे न्यूरेनबर्ग, म्युनिक, स्टुटगार्ट यांसारख्या महानगरांपर्यंत.

६/ गावाचे ‘केंद्रपण’ मोजण्यासाठी क्रिस्टालरने लोकसंख्या पुरेशी मानली नाही. खाण-कामगारांचे गाव मोठे असूनही भोवतालच्या खेड्यांना काहीच पुरवत नसेल, तर ते केंद्र कसले? त्याने टेलिफोन मोजले, कारण त्या काळी फोन मुख्यतः व्यापारी, डॉक्टर आणि कचेऱ्यांकडे असत. प्रदेशाच्या सरासरीने त्या लोकसंख्येला जितके फोन अपेक्षित, त्याहून जितके जास्त, तितके गावाचे केंद्रपण अधिक.

७/ नोर्डलिंगेन प्राचीन उल्कापाताने घडलेल्या रीस या सपाट खोलगट प्रदेशात वसले आहे. म्हणजे सिद्धान्ताला अनुकूलच भूमी. तेथे १० आणि १४ या आकड्यांच्या मधोमध १२ पाहून मी हरखलो. पण तोलामोलाची जुनी शहरे, डिंकेल्सब्यूल आणि डोनाउव्हर्थ, सुमारे २६-२७ किलोमीटरवर निघाली. २१ही नाही, ३६ही नाही. नद्या, व्यापारी रस्ते, राजकीय सीमा हे सारे षटकोनाला वाकवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे खरे काम तिथे सुरू होते: आकडा कुठे चुकला आणि कोणत्या कारणाने?

८/ या कथेचा उत्तरार्ध मला बराच उशिरा कळला, आणि त्यानंतर तो नकाशा मला पूर्वीसारखा निरागस दिसेना. १९४० मध्ये क्रिस्टालर नाझी पक्षात सामील झाला आणि कोनराड मायर यांच्या नियोजन कार्यालयात काम करू लागला. जर्मनीने बळकावलेल्या पश्चिम पोलंडमध्ये पोलिश आणि ज्यू लोकांना हुसकावून जर्मन वसाहती वसवायच्या होत्या. तिथली गावे षटकोनात बसत नव्हती. या वेळी ‘आकडा का चुकला’ असे कोणी विचारले नाही. गावेच चुकीची ठरवली गेली आणि नवी केंद्रे कुठे हवीत, याचे आराखडे तयार झाले. युद्ध हरल्यामुळे त्यांतले बरेचसे कागदावरच राहिले. हुसकावलेली माणसे मात्र कागदावरची नव्हती.

९/ सिद्धान्ताचे गणित त्यामुळे खोटे ठरत नाही. तासभराची पायपीट आजही जुन्या बाजारगावांच्या अंतरांत वाचता येते. परंतु ‘सपाट, सर्वत्र सारखा प्रदेश’ ही विचारासाठी केलेली कल्पना आहे, हे विसरले की रिकामा नकाशा खराच वाटू लागतो. आता पट्टी हाती घेतली की मी न जुळणारी गावे आधी शोधतो. (समाप्त)