निळी टिकली

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की मंडई भरते. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा दुकानं आणि दंडार, रात्री नाटक किंवा भजनाचा कार्यक्रम. भाऊबीजेला आलेल्या लेकीबाळी मंडई पाहूनच सासरी जातात. एका वर्षी गावच्या पोरांनी मला म्हटलं, "काका, खंजिरीवर म्हणता येईन असं एखादं भारूड लिहून द्या. कोड्याचं पाहिजे. लोकाईनं उत्तर शोधलं पाहिजे." विषय त्यांनीच दिला, लेकीचा जमिनीतला वाटा.

मी दहावी शिकलेला माणूस. पण भारुडं लहानपणापासून ऐकत आलो. पैठणच्या एकनाथ महाराजांचा विंचू कोणाला माहीत नाही? वरून पाहिलं तर विंचू चावल्याची बोंब आणि आत पाहिलं तर काम-क्रोधाचा डंख. भारुडाला अशी दोन उत्तरं असतात. वरचं उत्तर ऐकणाऱ्याच्या रोजच्या पाहण्यातलं पाहिजे. ते त्यानं पटकन ओळखलं पाहिजे, खुशीत आलं पाहिजे. मग हळूच त्याला आतल्या उत्तराकडं न्यायचं.

पहिल्या रात्री मी जे लिहिलं त्यात पहिल्याच ओळीत 'लेक' हा शब्द आला. सकाळी वाचलं आणि फाडलं. उत्तर आधीच सांगितलं तर ते भाषण होते, कोडं राहात नाही.

लेकीसारखं दुसरं काय आहे, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. धानाचे पऱ्हे! एका बांधीत पेरायचे, तीन आठवड्यांचे झाले की उपटायचे, मुठी बांधून दुसऱ्या बांधीत फेकायच्या आणि रोवायचे. जिथं जन्म, तिथं पीक नाही. मी लिहिलं, "रोप उपटलं, दुसरीकडं लावलं." पोरांना म्हणून दाखवलं तर एक म्हणाला मिरची, दुसरा म्हणाला वांगं. दोघंही बरोबर होते. मिरचीही उपटून लावतातच. ज्या खुणेत दोन-तीन उत्तरं बसतात ती खूण कच्ची समजावी. म्हणून पाणी घातलं, "गुडघाभर पाण्यात उभी." आता धानाशिवाय दुसरं काही बसत नव्हतं.

ते आमच्या बांधीत रोवणीला येणाऱ्या एका बाईला ऐकवलं. ती हसली. म्हणाली, "भाऊजी, गुडघाभर पाण्यात रोवलं तं सडन ना पऱ्हा. चार बोटं पाणी लागते." माझा जन्म धानात गेला आणि यमकाच्या नादात मी पऱ्हे बुडवले होते. वरचं चित्र शेतात खोटं ठरलं तर आतली गोष्ट कोणी खरी मानत नाही. ती ओळ बदलली. शेवटी असं झालं:

एके बांधीत जलमली, दुजे बांधीत पिकली हो ।
सांगा शहाणे सभाजन, मुळं कोठे टिकली हो ॥

ज्यानं पेरली त्यानंच उपटली, मूठ बांधून फेकली हो ।
चार बोटं पाण्यात रुजली, भारानं मान वाकली हो ।
दाणा धन्याच्या कोठीत, तणस तेवढी टाकली हो ॥

पऱ्ह्याला कुठला अंगठा? हिनं लावली निळी टिकली हो ।
साडी नेसून परतली, वाट्याची माती हुकली हो ॥

निळी टिकली म्हणजे हक्कसोडपत्रावरचा अंगठा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाप गेला की सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणीचंही नाव चढते. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाएवढाच वाटा आहे, मग तिचं लग्न झालेलं असो की नसो. मग भाऊ तिला निबंधकाच्या कचेरीत नेतो. हक्कसोडपत्राची नोंदणी होते, तलाठ्याकडं फेरफार पडतो आणि बहिणीचं नाव कमी होते. बहिणीला साडीचोळी करतात. ती कागद वाचत नाही. वाचला तरी माहेर तुटेल या भीतीनं सही करते.

मंडईच्या रात्री पोरांनी भारूड उभं केलं. ध्रुपद झालं, दुसरं कडवं सुरू झालं आणि 'चार बोटं पाण्यात' म्हणताच अर्धा मांडव ओरडला, "पऱ्हे! पऱ्हे!" आम्ही ठरवलं होतं, इथं खंजिरी थांबवायची नाही. लोक आपण जिंकलो म्हणून हसत असतानाच तिसरं कडवं टाकायचं. 'पऱ्ह्याला कुठला अंगठा?' आलं तेव्हा हसू चालूच होतं. 'निळी टिकली' वर पुरुषांकडचं हसू थांबलं. बायांकडं कोणीतरी "खरं हाये वो" म्हटलं. पोरांनी उत्तर सांगितलं नाही, पुन्हा ध्रुपदच म्हटलं. मुळं कोठे टिकली हो. मी मागं उभा होतो. मला वाटलं, जमलं.

घरी आलो. माझी लहान बहीण भाऊबीजेला आली होती, तीही ऐकायला होती. चुलीजवळ बसून ती म्हणाली, "भाऊ, कोडं तं साजरं केलं. पण त्याच्यात साडी देणारा कोठी गेला?"

मी काही बोललो नाही. बाबा २००९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी मीच तिला कचेरीत नेलं होतं. साडीही मीच घेतली होती, मोरपंखी रंगाची. मी म्हटलं, "तुले वावर पाहिजे होतं का?"

"मले वावर नोको," ती म्हणाली. "पण तवा तू इचारलं नाही. आत्ता इचारून रायला, तेबी भारूड झाल्यावर."

त्या रात्री झोप आली नाही. एकनाथांच्या विंचवात महाराज कोणा दुसऱ्याला चावला म्हणून सांगत नाहीत. बोंब मारणारा स्वतः चावलेला असतो. भारूड 'मी' नं उभं राहते. आमच्या कोड्यात पेरणारा होता, धनी होता, ती होती. फक्त मी नव्हतो. 'माती हुकली' म्हणजे जशी आपोआपच हुकली. ऐकणारे चिडीचूप झाले असतील, पण आपलं नाव कोणी घेतलं नाही म्हणून सुखानं घरी गेले असतील. मीही तसाच गेलो होतो.

सकाळी शेवटची ओळ बदलली:

एका साडीनं म्या भावानं, तिची माती झाकली हो ॥

पुढच्या मंडईत एका शेजारच्या गावी ही ओळ म्हणायला पोरं तयार होईनात. "काका, आम्ही कसं म्हणावं, आमाले तं बहीणच नाही." तेव्हा तिसरं कडवं मी स्वतः म्हटलं. आवाज फाटला. खाली उतरल्यावर माझ्याच वयाचा एक माणूस आला, विडीसाठी काडी मागितली, आणि काडी पेटवून निघून गेला. विडी ओढायची राहूनच गेली त्याची.

जमिनीचं अजून झालं नाही. नोंदलेलं हक्कसोडपत्र असं सहज परत फिरत नाही. तिला काही द्यायचं तर माझ्या नावावरून बक्षीसपत्र करावं लागेल. मोठा मुलगा हो म्हणतो, लहाना गप्प आहे. बहिणीला मी यंदा विचारलं, कागद काढण्याआधी विचारलं. ती म्हणाली, "पाहू."