राजमाचीचा पाऊस आणि पाठीवरची पिशवी

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट सुमारे १५ किलोमीटरची आहे. तुंगार्लीच्या धरणाजवळून ती निघते, रानातून वळणे घेत, ओढे ओलांडत उधेवाडीला पोहोचते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले याच गावाच्या डोक्यावर उभे आहेत. कर्जतकडून कोंदिवड्यावरून येणारी वाट खड्या चढाची आहे. लोणावळ्याकडची वाट मात्र लांब असली तरी सोपी, म्हणून मुलाबाळांना घेऊन जाणारे बहुतेक लोक हीच धरतात. पण जुलैत या वाटेवर पाच-सहा तास सलग पाऊस अंगावर घ्यावा लागतो आणि मध्ये आडोसा जवळजवळ नाहीच. पिशवी आणि रेनकोट यांची खरी परीक्षा चढापेक्षा अशा लांब चालीत होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे तिकडे गेलो होतो. मी, पत्नी, नववीतली मुलगी आणि कॉलेजात शिकणारा भाचा. मुक्काम उधेवाडीत एका घरी. तिथल्या घरांतून राहण्या-जेवण्याची सोय होते. पिठलं-भाकरी सांगितली की मांसाच्या हलाल-हरामचा प्रश्नही उरत नाही. चौघांच्या पाठीवर चार वेगळ्या पिशव्या आणि अंगावर तीन प्रकारची पावसाळी वस्त्रे होती, त्यामुळे तुलना आपोआप घडली.

आधी पिशवीचे बोलू. दुकानात पहिला प्रश्न असतो, “ही वॉटरप्रूफ आहे का?” त्याचे प्रामाणिक उत्तर जवळजवळ नेहमी “नाही” असेच असते. कापड पाणी अडवते, शिवण अडवत नाही. सुई जिथून गेली तिथे छिद्र राहते, आणि एका पिशवीला अशी हजारो छिद्रे असतात. मुंबईत मदनपुऱ्यात बॅगा शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराला मी हे विचारले होते. तो म्हणाला, “सर, इंचात सात-आठ टाके मी घालतो. जास्त घातले तर कापड फाटक्या तिकिटासारखं होतं, कमी घातले तर वजनाला टिकत नाही. पाणी मला थांबवता येत नाही, वजन थांबवता येतं.” मग त्याने एक पिशवी उलटी करून दाखवली. चांगल्या पिशवीत आतल्या प्रत्येक शिवणीची कापलेली कड फितीने मढवलेली असते, त्याला ते लोक पायपिंग म्हणतात. ती नसेल तर कापडाचे धागे सुटत जातात आणि वर्षा-दोन वर्षांत शिवण उसवते. खांद्याचा पट्टा जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे आडवे घट्ट टाके, म्हणजे बारटॅक, आहेत का हेही बोटाने चाचपावे. दुकानात पिशवी बाहेरून सगळ्याच सुंदर दिसतात, म्हणून मी आता आधी आतून बघतो.

कापडाच्या बाबतीत लेबलवर ‘डेनियर’ हा आकडा असतो. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. २१० डेनियरचे नायलॉन हलके आणि एका दिवसाच्या पिशवीला पुरेसे असते. खडकाला घासणाऱ्या तळाला ४२० किंवा त्याहून जाड बरे. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा कमी पाणी शोषते आणि उन्हात जास्त टिकते, पण त्याच वजनाच्या नायलॉनइतके घासणीला टिकत नाही. पावसासाठी मात्र या दोघांतला फरक दुय्यम आहे. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा पातळ लेप. पिशवी जुनी असेल तर आतून हात फिरवावा. हाताला चिकट लागले, आंबूस वास आला किंवा पापुद्रे सुटले, तर तो लेप ओलाव्याने सडला आहे आणि बाहेरचे कापड कितीही धड दिसले तरी पिशवी पावसासाठी संपली आहे.

मग पिशवीवर चढवायचे कव्हर असते ना? असते, आणि वापरावेच. पण ते पाठीची बाजू झाकत नाही, झाकूच शकत नाही. पाऊस मानेवरून ओघळून पाठ आणि पिशवी यांच्या मध्ये शिरतो, पट्ट्यांतल्या फोममध्ये मुरतो आणि पाठीकडच्या शिवणीतून आत उतरतो. शिवाय आत आलेले पाणी कव्हरच्या तळाशी वाटीसारखे साचते. म्हणून कव्हरला तळाशी पाणी निघायचे छोटे भोक हवे, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पिशवीला बांधायची दोरी हवी.

कुठून पाणी येते ते घरच्या न्हाणीघरात कळते. निघण्याच्या आठवडाभर आधी मुलीने चारही पिशव्यांत जुनी वर्तमानपत्रे कोंबली, कव्हर चढवले आणि एकेक पिशवी दहा मिनिटे शॉवरखाली धरली, पाठीची बाजू पाण्याकडे करून. “अब्बू, चारही भिजल्या!” तिने बाहेर येऊन सांगितले. एकीत पट्ट्याच्या मुळाशी, दोघींत तळाच्या कोपऱ्यात आणि चौथीत, जी सर्वांत महाग होती, चेनच्या टोकाशी कागद ओला होता.

उपाय स्वस्त आहे. पिशवीच्या आत, तिच्याहून थोडी मोठी, जाड प्लॅस्टिकची एकच पिशवी घालायची. सगळे सामान त्या पिशवीत. तोंड पिळून, दुमडून रबराने बांधायचे. कचऱ्याच्या पातळ पिशव्या पहिल्याच दिवशी फाटतात. खताच्या किंवा धान्याच्या गोणीत अस्तर म्हणून येते तसे जाड प्लॅस्टिक, स्वच्छ धुतलेले, उत्तम. त्यातही रात्रीचा एक कपड्यांचा जोड, जानमाज आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत बांधून अगदी तळाशी ठेवायचे आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत ती गाठ सोडायची नाही, कितीही भिजलो तरी. वाटेत कोरडे कपडे घातले तर दहा मिनिटांत तेही ओले होतात. मग रात्री नमाजलाही ओलेच आणि झोपायलाही ओलेच. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ओल्या अंगाने रात्र काढणे मुलांसाठी खरोखर धोक्याचे असते. थरथर थांबत नाही, बोलणे अडखळते, ही थंडी शरीरात शिरल्याची खूण.

आता अंगावरच्या वस्त्राकडे येऊ. भाच्याने महागडे ‘श्वास घेणारे’ जॅकेट घेतले होते. या प्रकारची सुरुवात १९६९ साली झाली, जेव्हा अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. युक्ती अस्सल आहे. मात्र वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत सह्याद्रीत हवा स्वतःच पाण्याने भरलेली, तापमानही अंगाला घाम आणणारे. वाफेने जायचे कुठे? त्यात बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर दोन-तीन तासांत हार मानतो, कापड ओले होऊन अंगाला चिकटते आणि उरलीसुरली वाटही बंद होते. उधेवाडीला पोहोचल्यावर भाचा म्हणाला, “मामू, हे गळतंय. दुकानदाराने फसवलं.” आम्ही जॅकेट उलटे करून पाहिले. गळती असती तर खांद्याच्या शिवणीवर किंवा चेनच्या रेषेत ओले पट्टे दिसले असते. इथे काख आणि पाठ सारखी भिजली होती आणि शिवणी कोरड्या होत्या. तो सगळा घाम होता.

म्हणून आपल्या पावसासाठी महाग पापुद्र्यापेक्षा हवा खेळती ठेवणारे सैल वस्त्र मी पसंत करतो. भातलावणीत आपल्याकडे इरलं वापरतात, ते बघा: डोके आणि पाठ झाकलेली, पुढून मोकळे. पोंचो हेच तत्त्व पाळतो, आणि पिशवीसकट पाठ झाकत असल्याने वर सांगितलेली ती मधली फटही बंद होते. आमच्या घरच्या स्त्रियांना तो आणखी एका कारणाने सोयीचा वाटला. गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, सैल ट्रॅकपँट, सिंथेटिक कापडाचा छोटा हिजाब आणि वरून पोंचो; अंगाला काही चिकटत नाही. सुती ओढणी मात्र घरी ठेवावी, भिजली की मानेवर ओझे होते आणि दिवसभर वाळत नाही. लांब अबायाची ओली किनार उतारावर पायात येते. पोंचोचा दोष वारा. श्रीवर्धनच्या माथ्यावर तो शिडासारखा फुगतो आणि उतरताना पाय दिसेनासे होतात. कमरेला दोरी बांधली की दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

जॅकेटच घ्यायचे असेल तर आतून शिवणींवर चिकटवलेली पारदर्शक पट्टी बघा. ती सगळ्या शिवणींवर हवी. काही ठिकाणी फक्त खांदा आणि टोपीवर लावून भागवतात. लेबलवर ‘वॉटर रेझिस्टंट’ असेल तर ते रिमझिमीपुरते. पाण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो: कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला की थेंब आत येतो. २००० म्हणजे दोन मीटर. उभ्या पावसाला तेवढे पुरते, पण पिशवीचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथे पाणी रेटले जाते, म्हणून दिवसभराच्या चालीला ५००० च्या पुढचे पाहावे. काखेत चेन असेल तर फारच छान.

उत्पादकांत डेकॅथलॉन ही फ्रेंच कंपनी आपल्या जॅकेटवर हे आकडे देते, त्यामुळे तुलना सोपी जाते. बेंगळुरूची वाइल्डक्राफ्ट पिशव्यांसाठी सर्वत्र मिळते. घेताना कव्हर सोबत आहे की वेगळे, ते विचारावे. कोलकात्याच्या डकबॅकचा रबराचा रेनकोट आपल्या वडिलांच्या पिढीने वापरला. तो पाणी अडवण्यात आजही कुणाला हार जाणार नाही, पण जड असतो आणि चढावर आत उकडते; स्कूटरवर शाळेत जायला मी अजून रबराचाच वापरतो. नाव नसलेली पिशवी कारागिराकडून घेण्यात कमीपणा काही नाही, फक्त ती उलटी करून बघता आली पाहिजे.

वाटेवरच्या ओढ्यांबद्दल एक सांगायचे राहिले. गुडघ्याच्या वर पाणी, किंवा गढूळ होऊन चढणारे पाणी असेल तर ओलांडायचेच नाही, थांबायचे किंवा परत फिरायचे. उथळ ओढ्यातही आधी पिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरलाच तर पिशवी टाकून देता येते. पोंचोही वर खोचून घ्यायचा.

घरी परतल्यावर पिशवी साध्या पाण्याने, पावडर न लावता धुवावी. पावसाळ्यात ती वरून कोरडी भासते, पण पट्ट्यांतला फोम दोन दिवस ओलाच असतो. सगळे कप्पे उघडून, उलटी टांगून पंख्याखाली वाळू द्यावी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर मुळीच टाकू नये. आमच्या चारपैकी एक अजून खिडकीच्या गजाला लटकते आहे.