लढाया नसलेली एक परग्रहवासीयांची गोष्ट

माझ्या बायकोचं सायन्स फिक्शनबद्दलचं मत ठाम होतं: यानं, लेझर, स्फोट, आणि शेवटी पृथ्वी वाचते. तिला विचार आवडतात, मारामाऱ्या नाहीत. "काळ आणि आठवणी यांवर काहीतरी दे, पण त्यात सैन्य नको," असं तिने मला मागच्या वर्षी सांगितलं. मी दहा पुस्तकांची यादी करायला बसलो आणि शेवटी एकच गोष्ट दिली. टेड चियांगची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ'. १९९८ साली आलेली, एका रविवारी दुपारी वाचून होईल एवढी.

तुम्ही कदाचित तिच्यावरून काढलेला 'अरायव्हल' (२०१६) पाहिला असेल. सिनेमा मला आवडतो, पण त्यात एक गंमत झाली आहे. सिनेमात चीन हल्ल्याच्या तयारीत आहे, जग युद्धाच्या काठावर आहे आणि नायिका एका फोनने ते थांबवते. मूळ गोष्टीत यातलं काहीच नाही. सात पायांचे परग्रहवासी येतात, भाषातज्ज्ञ लुईझ त्यांची भाषा शिकते, भौतिकशास्त्रज्ञ गॅरी त्यांच्याशी विज्ञान बोलायचा प्रयत्न करतो, आणि एक दिवस ते निघून जातात. का आले होते, हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणजे लढाई नंतर घुसवलेली आहे. मूळ गाभा आहे तो प्रकाशाच्या एका नियमाचा, बारावीच्या पुस्तकातल्या.

(इथून पुढे शेवट फुटणार आहे. पण लेखकच तो सुरुवातीच्या पानांत सांगून टाकतो, त्यामुळे मला अपराधी वाटत नाही.)

तो नियम फर्माचा. प्रकाश एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना सगळ्यात कमी वेळ लागेल असा रस्ता घेतो. समजा तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर, पाण्याच्या रेषेपासून ३० मीटर आत उभे आहात. कुणीतरी पाण्यात ३० मीटरवर, पण किनाऱ्याला समांतर ६० मीटर बाजूला बुडतंय. तुम्ही वाळूवर सेकंदाला ५ मीटर पळता, पाण्यात १ मीटर पोहता. नाकासमोर सरळ गेलात तर साधारण ५१ सेकंद लागतात, कारण पोहणं फार होतं. आधी पळत त्याच्या अगदी समोर जाऊन मग पाण्यात शिरलात तर साडेत्रेचाळीसच्या आत पोचता. सगळ्यात चांगली जागा त्याच्या थोडी अलीकडे, सुमारे ५५ मीटरवर आहे. तिथून ४३ सेकंदांच्या किंचित आत काम होतं. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो तो नेमका याच हिशोबाने.

आता अडचण बघा. ती ५५ मीटरची जागा काढायला बुडणारा माणूस कुठे आहे हे पळायला लागायच्या आधी माहीत हवं. मग प्रकाशाला निघतानाच आपण कुठे पोचणार आहोत हे ठाऊक असतं का?

वर्गात शिकवतात ते उत्तर असं, की नाही. प्रकाश पाण्याला भिडतो, तिथे त्याचा वेग बदलतो, म्हणून तो वाकतो. आधी कारण, मग परिणाम. दोन्ही वर्णनांतून गणित तेच निघतं, त्यामुळे परीक्षेत कुणी भांडत नाही. (बारकावा असा की 'सगळ्यात कमी' हे नेहमीच खरं नसतं, आरशाच्या काही रचनांत वेळ सगळ्यात जास्तही येतो. गोष्टीत गॅरी हेही सांगतो.) चियांगने यातून फक्त एक प्रश्न उचलला. आपण जगाकडे कारण-परिणाम अशा ओळीने बघतो. पण एखाद्या प्राण्याला दुसरं वर्णनच सहज वाटत असेल तर? ज्याला सुरुवात आणि शेवट एकदमच दिसतात? त्याची लिपी कशी असेल? गोष्टीतल्या लिपीत पहिली रेघ काढतानाच अख्खं वाक्य ठरलेलं असावं लागतं, कारण तीच रेघ पुढे अनेक शब्दांतून जाते. लुईझ ही लिपी शिकते आणि हळूहळू तिला पुढचं आयुष्य आठवायला लागतं.

भाषा बदलली की काळाची जाणीव इतकी बदलेल, हे कुठलाही भाषातज्ज्ञ मान्य करणार नाही. आपल्याच 'परवा'चं बघा. हा शब्द दोन्हीकडे जातो, मागेही आणि पुढेही, आणि तरी आपल्यापैकी कुणाला पुढचं दिसत नाही. 'परवा आली होती' आणि 'परवा येईल' यांत क्रियापद निवाडा करतं. चियांग नेमकं हे क्रियापदच बिघडवतो. लुईझ आपल्या मुलीशी बोलते तेव्हा 'मला आठवतंय' म्हणून भविष्यकाळात शिरते. पहिल्यांदा वाचताना वाटतं, संपादनात काहीतरी राहिलंय. ते तसंच वाचत जा, गोष्ट तिथेच आहे.

कारण लुईझला आठवतंय ते असं: तिला मुलगी होईल आणि पंचविसाव्या वर्षी ती कडा चढताना पडून मरेल. सिनेमात मुलगी लहानपणीच दुर्धर आजाराने जाते. माझ्या मते हा बदल सोपी वाट आहे. आजारापुढे आईचं काहीच चालत नाही. कडा चढण्यापासून मुलीला अडवता आलं असतं. म्हणून मूळ गोष्ट जास्त टोचते आणि लेखकाला उत्तर द्यावंच लागतं. तो लग्नाचं उदाहरण घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मंगलाष्टकांनंतर काय होणार हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, तरी 'शुभमंगल सावधान' म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. माहीत असलेली गोष्टही करावी लागते, ती केल्यानेच ती खरी होते.

मला हे उत्तर आवडायचं. बायकोला ते पटलं नाही, आणि तिच्याकडे कारण होतं. तिने गोष्ट वाचली त्याच महिन्यात आमचे रक्ताचे रिपोर्ट आले होते. आम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर. आम्हाला स्वतःला काही त्रास नाही, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. तसं झालं तर नियमित रक्त चढवावं लागतं. गर्भाची तपासणी दहा-अकरा आठवड्यांच्या सुमारास करता येते.

"लुईझकडे शंभर टक्के आहेत," ती म्हणाली. "म्हणून तिला काही ठरवायचंच नाही. आपल्याकडे पंचवीस आहेत. शिवाय मधे एक तपासणी आहे, आणि तपासणीनंतर पुन्हा ठरवणं आहे. तुझा प्रकाश एकदाच वाकतो. आपल्याला दोनदा वाकायला लागेल."

मी म्हणालो, पण ती मुलगी पंचवीस वर्षं जगली. गोष्टीत सगळ्यात जास्त जागा तिच्या मरण्याला नाही, तिच्या बारीकसारीक हट्टांना आणि उलट बोलण्याला आहे.

"ते आवडलं मला," ती म्हणाली. "तेवढं परत वाचलं."

आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. समुपदेशकाची पुढची वेळ घेतली आहे. तिने मात्र चियांगची आणखी एक गोष्ट मागितली, म्हणून 'द ट्रुथ ऑफ फॅक्ट, द ट्रुथ ऑफ फीलिंग' दिली, २०१३ सालची. त्यात माणसाचं सगळं आयुष्य चित्रित होऊन शोधता येतं. एका बापाच्या आठवणीत मुलगी भांडणात त्याला एक जिव्हारी लागणारं वाक्य बोललेली असते. तो ते भांडण शोधून पाहतो, तर ते वाक्य त्याचंच निघतं. पहिल्या गोष्टीत पुढचं आठवतं, इथे मागचं चुकीचं आठवतं. ती निम्म्यावर आली आहे आणि अधूनमधून माझ्याकडे संशयाने बघते.