छापताना झाकलेलं

वर्डमध्ये छपाईच्या पडद्यावर ‘Print All Pages’ असं लिहिलेली एक चौकट असते. ती उघडली की बऱ्याच खाली ‘Print Markup’ ही ओळ सापडते. दुरुस्त्या दिसत असलेल्या फाइलीत तिच्यापुढे बरोबरची खूण आधीच असते. ती काढली की उजवीकडच्या नमुन्यातली लाल अक्षरं, खोडलेल्या ओळी आणि समासातल्या टिपणांच्या चौकटी एकदम नाहीशा होतात आणि उरतो तो फक्त मजकूर. संपादनाच्या कामात मी आजवर जी बटणं दाबली, त्यांतलं हे मला सगळ्यांत प्रिय आहे.

त्याचं मूळ बहुधा लहानपणात असावं. बाबा मुद्रितशोधक होते. खिळ्यांच्या छापखान्यातून गॅलीप्रुफं घरी यायची आणि जेवणं झाली की ते लाल शाई घेऊन बसायचे. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, सुटलेला अनुस्वार, उलटा बसलेला खिळा, सगळ्याची खूण समासात. दुसऱ्या दिवशी कंपोझिटर त्या खुणांप्रमाणे खिळे बदलायचा आणि नवं प्रूफ निघायचं. त्या प्रुफावर बाबांच्या हाताचा मागमूस नसायचा. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं, पण बाबा म्हणायचे, “वाचणाऱ्याला माझी शाई कशाला दिसायला हवी?”

मी या धंद्यात आले तेव्हा शाईची जागा ‘Track Changes’ने घेतली होती. समास पडद्यावर आला, पण एक फरक पडला. छापखान्यात जुनं आणि नवं दोन वेगळ्या कागदांवर असायचं, इथे दोन्ही एकाच फाइलीत राहतं. ‘आणी’चं ‘आणि’ केलं की खोडलेली दीर्घ वेलांटी आणि नवी ऱ्हस्व वेलांटी एकाच शब्दाला चिकटतात आणि तो शब्द डोळ्यांना वाचवत नाही. पानभर अशा जागा असल्या की आपण वाक्य वाचत नाही, नुसत्या खुणा तपासत राहतो.

इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं पुण्यातल्या प्लेगवरचं हस्तलिखित माझ्याकडे होतं. सर पडद्यावर वाचत नसत. त्यांची सून त्यांच्यासाठी फाइल उघडायची, ते सांगतील ती उत्तरं माझ्या टिपणांखाली लिहायची, आणि शेवटचं वाचन मात्र त्यांना कागदावर हवं होतं. पहिली प्रत जवळच्या एका दुकानात छापली गेली ती सगळ्या खुणांसकट. सरांचा फोन आला, “बाई, अक्षर एवढं बारीक का केलंत?” अक्षर कुणीच बारीक केलं नव्हतं. टिपणांच्या चौकटींना समासात जागा हवी म्हणून वर्ड अख्खं पान आकसून छापतं. शिवाय खोडलेला मजकूरही ओळींत जागा अडवून बसतो, त्यामुळे पानं वाढतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे खऱ्या पानांशी जुळत नाहीत. कागद हातात घेऊन झालेली चूक ओळखायची असेल तर हीच लक्षणं बघायची: डावीकडे ढकललेला, लहान झालेला मजकूर आणि ओळींच्या कडेला उभ्या रेघा.

म्हणून दुसरी प्रत मी माझ्याकडेच काढली. आधी ‘Review’मध्ये जाऊन ‘Track Changes’ बंद केलं. ते चालू ठेवून अनुक्रमणिका ताजी केली, तर वर्ड तीही दुरुस्ती म्हणून नोंदवतं आणि ती लाल होऊन बसते. मग शेजारच्या यादीतून ‘No Markup’ निवडलं. त्या यादीत ‘Simple Markup’ही आहे. त्यात मजकूर स्वच्छ दिसतो, पण कडेला लाल रेघ राहते. फाइल साफ आहे असं समजून लोक तिथेच थांबतात. ‘No Markup’ केल्यावरच अनुक्रमणिका ताजी केली, म्हणजे पानांचे आकडे त्या स्वच्छ मांडणीचे आले.

यानंतर लगेच छापायचं नाही. खुणा झाकल्या की पहिल्यांदाच मजकूर मजकुरासारखा दिसतो, आणि लालीत दडलेल्या बारीक गोष्टी वर येतात. सरांचं एक वाक्य होतं: ‘सन १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली.’ ‘सन’ आणि ‘साली’ दोन्ही नकोत म्हणून मी ‘सन’ खोडला होता. पुढे वर्षाबद्दल टिपण लिहिलं होतं: मुंबईत साथ १८९६च्या सप्टेंबरात दिसली, मग पुण्यात ती १८९७मध्येच आली असं म्हणायचं का? सरांचं उत्तर सुनेच्या हातून आलं: ‘१८९६च्या अखेरीस पोचली होती. रँडसाहेब १८९७मध्ये आले, म्हणून लोकांच्या डोक्यात तेच साल बसलंय. बदला.’ बदललं. खुणा दिसत होत्या तोवर ते वाक्य नीट वाटत होतं. झाकल्यावर दिसलं की ‘अखेरीस’ आणि ‘पुण्यात’ यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा आहेत आणि शेवटी पूर्णविरामही दोन आहेत, एक माझा, एक त्यांचा. असे जोडविराम पुस्तकभर होते. ते काढताना ‘Track Changes’ पुन्हा चालू केलं, म्हणजे त्याचीही नोंद राहिली. मग छपाईच्या पडद्यावर ‘Print Markup’ची खूण गेली आहे ना ते पाहिलं, नमुन्यात दोनचार पानं चाळली आणि प्रत काढली. सरांनी ती दोन बैठकींत वाचून संपवली. त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा मजकुराबद्दलच्या होत्या, एकही खूण माझ्याबद्दल नव्हती.

ही सगळी युक्ती कागदापुरती आहे. ‘No Markup’ काहीही पुसत नाही. फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की सगळी चर्चा नावांसकट पुन्हा समोर येऊ शकते. २००५च्या ऑक्टोबरात लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येबद्दलचा देटलेव्ह मेहलिस यांचा अहवाल संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केला. त्याच्या वर्डमधल्या प्रतीत दुरुस्त्या तशाच राहिल्या होत्या, आणि अंतिम मजकुरातून वगळलेली सीरियाच्या सत्ताधारी वर्तुळातली नावं वार्ताहरांना वाचता आली. तो अहवाल नुसता कागदावर गेला असता तर ती नावं बाहेर पडली नसती. पीडीएफ काढतानाही जपावं लागतं. ‘Options’मध्ये ‘Document showing markup’ निवडलेलं राहिलं तर खुणा पीडीएफमध्ये उतरतात.

छापखान्याला फाइल द्यायची वेळ आली तेव्हा मी आधी वेगळ्या नावाची प्रत केली. त्या प्रतीत ‘Accept All Changes’ केलं, सगळी टिपणं काढून टाकली आणि ‘Inspect Document’ चालवून काही उरलं नाही याची खात्री केली. मूळ फाइलीला हात लावला नाही. सरांच्या सुनेला तिची एक प्रत हवी होती, तीही खुणांसकटच दिली.

पुस्तक निघाल्यावर एका वाचकाचं रागाचं पत्र आलं: पुण्यातला प्लेग १८९७चा, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, तुम्ही १८९६ कुठून आणलंत? सर तेव्हा आजारी होते, त्यांना विचारणं शक्य नव्हतं. मी मूळ फाइल उघडली, ‘All Markup’ केलं आणि त्या वाक्यापाशी गेले. सरांचं उत्तर तिथे होतं, त्याखाली त्यांनी सुनेकडून लिहून घेतलेलं संदर्भग्रंथाचं नाव आणि पानाचा आकडाही होता. तो मी पत्रलेखकाला कळवला.