चार पृथ्व्या, आठ चंद्र

पवनी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीवर एक तक्ता टांगलेला असायचा. मधोमध पिवळा सूर्य, त्याच्याभोवती लांबुळकी कक्षा आणि तिच्यावर चार ठिकाणी चार निळ्या पृथ्व्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. खालच्या अर्ध्या भागात आणखी एक पृथ्वी आणि तिच्याभोवती आठ चंद्र. पुढे डी.एड.च्या पुस्तकात तेच चित्र भेटलं. मी शिक्षिका झाले तेव्हा फळ्यावर तेच काढलं, आणि आता नातीच्या मोबाइलमध्ये ते रंगीत होऊन फिरतं. एवढ्या वर्षांत चित्र बदललं नाही, आणि ते पाहून मुलं जे उत्तर देतात तेही बदललं नाही.

उन्हाळा का होतो, असं विचारलं की लाखांदूरकडच्या माझ्या वर्गात एखादा पोरगा हमखास उठायचा. "मॅडम, सूर्य जवळ येते, मंग तपते." काहून म्हणून विचारलं की तो सरळ तक्त्याकडे बोट दाखवायचा. त्याचं चूक म्हणायला मला जीभ रेटायची नाही, कारण तक्ता तसंच दाखवत होता. लांबुळक्या कक्षेत दोन पृथ्व्या सूर्यापासून दूर होत्या आणि दोन अगदी जवळ. पण हे चित्र तिरक्या नजरेनं काढलेलं आहे. गोल ताट बाजूनं पाहिलं की जसं लांबट दिसतं, तशी ती कक्षा लांबट दिसते. वरून पाहिलं तर पृथ्वीची कक्षा इतकी गोल आहे की फळ्यावर प्रमाणात काढली तर वर्तुळ आणि ती यांतला फरक डोळ्याला कळणार नाही. सूर्य मात्र केंद्रापासून किंचित बाजूला असतो, म्हणून अंतर थोडं बदलतं. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. म्हणजे आमच्या भंडाऱ्यात पहाटे शेकोट्या पेटतात तेव्हा सूर्य सर्वांत जवळ असतो. जवळ असण्याचा परिणाम अजिबात नाही असं नाही. जानेवारीत सबंध पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. पण आपल्याकडे पृथ्वीच्या कलण्याचा परिणाम त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

कितीतरी म्हणजे किती, हे अंगणात मोजता येतं. मी वर्गाला एक मीटर उंचीची सरळ काठी मैदानात उभी करायला लावायची. ती ओळंब्यानं तपासायची, खालची जमीन सपाट हवी. बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली धरायची. घड्याळातले बारा इथे कामाचे नाहीत. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि भंडारा त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे आपली खरी दुपार 22 डिसेंबरला बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होते आणि संक्रांतीला तर बारा वाजून वीस मिनिटांना. भंडारा 21 अंशांच्या जरा वर, उत्तर अक्षांशावर आहे. त्या हिशेबानं 22 डिसेंबरला मीटरभर काठीची सावली सुमारे 99 सेंटिमीटर पडते, जवळजवळ काठीएवढीच. 21 मार्चला ती 39 वर येते. 21 जूनला ढग नसले तर अवघी चार, आणि तीही उलट्या बाजूला, दक्षिणेकडे! सावली दक्षिणेला पडली की पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होत, कारण सूर्य उत्तरेकडून तापतो हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसायचं.

डिसेंबरात काठीएवढी सावली पडते याचा अर्थ ऊन अंदाजे 45 अंशांनी तिरकं येतं. एक चौरस मीटर उन्हाची मोळी तेव्हा जमिनीवर सुमारे 1.4 चौरस मीटर जागेत पसरते. शिवाय दिवस दहा तास पन्नास मिनिटांचा असतो, तर जूनमध्ये तो साडेतेरा तासांच्या आसपास जातो. ऋतू या दोन गोष्टींतून घडतो: तिरकं ऊन आणि दिवसाची लांबी. सूर्य जवळ असल्यानं मिळालेले ते सात टक्के यापुढे टिकत नाहीत.

दुपारी सूर्य डोक्यावर असतो, हे वाक्य आपण किती सहज बोलतो. भंडाऱ्यात तो बरोबर डोक्यावर वर्षातून फक्त दोनदा येतो, 26 मेच्या आसपास आणि पुन्हा 17 जुलैच्या आसपास. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो. मेचा मात्र नवतपात सापडतो. आमचे बाबा पंचांगातल्या रोहिणीवर नवतपा मोजायचे, मृग लागला की धानाच्या बांध्यांकडे वळायचे, आणि पऱ्हे टाकायची घाई करायचे. सूर्याच्या उंचीचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता, पण रोहिणीतल्या त्या नऊ दिवसांत आमच्या गावावरचा दुपारचा सूर्य खरोखर माथ्यावर असतो. मग 21 जूनला दिवस सर्वांत मोठा असूनही मेइतकं का तापत नाही? कारण तोवर विदर्भात मान्सून येऊन पोचतो आणि ढग ऊन अडवतात. तक्त्यावर हे कुठेच नव्हतं. तिथे वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा असे चार कप्पे होते आणि आम्हाला ज्याच्यावर जगायचं त्या पावसाळ्यालाच जागा नव्हती. तो नुसत्या कललेल्या आसातून येत नाही. त्यात तापलेली जमीन, समुद्र आणि वारे यांचाही वाटा आहे.

संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर दरवर्षी एक वाक्यही येतं, की आजपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो. काठीला विचारा. 22 डिसेंबरची 99 सेंटिमीटरची सावली 14 जानेवारीला 92 वर आलेली असते. दिवस तीन आठवड्यांपूर्वीच वाढायला लागलेला असतो. आजीला मात्र तसं जाणवत नसे आणि त्याला कारण आहे. सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूनं होते. पहाटे उठून सडा घालणाऱ्या बाईला दिवस वाढल्याचं कळणार कसं? संक्रांत आणि उत्तरायण सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकाच दिवशी येत. पृथ्वीचा कललेला आस अतिशय सावकाश फिरतो, एका फेरीला सुमारे 26 हजार वर्षं लागतात. राशी तार्‍यांवर मोजलेल्या आणि ऋतू आसावर, म्हणून दोघांत दर 72 वर्षांमागे एक दिवसाचं अंतर पडत आलं. वर्षभराच्या चित्रासाठी मात्र आस एकाच दिशेला रोखलेला असतो असं धरायला हरकत नाही. काही मुलं चौथ्या पृथ्वीपर्यंत येता येता तो उलटा कलवतात. ती चूक वहीत लगेच दिसते: चारही आस एकमेकांना समांतर आहेत का, एवढं पट्टी लावून पाहायचं.

तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागातले आठ चंद्र अधिक फसवे होते. अमावास्या का होते याचं उत्तर वर्गात बहुतेकदा "पृथ्वीची सावली पडते" असंच येई, आणि शहरात शिकलेल्या माणसांकडूनही मी ते ऐकलं आहे. 1987 मध्ये अमेरिकेत काढलेल्या एका माहितीपटात हार्वर्डच्या समारंभात 23 जणांना ऋतू आणि चंद्रकलांविषयी विचारलं होतं. त्यातल्या 21 जणांचं निदान एक उत्तर चुकलं. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमिन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांबरोबर यावर काम केलं. मुलांनी आकृती पाहण्याआधी स्वतःचं अंग, हात वापरून पृथ्वी आणि चंद्र व्हावं, असा त्यांचा रोख होता.

सावलीचं उत्तर तपासायला शुक्ल अष्टमीची संध्याकाळ पुरते. सूर्य पश्चिमेला मावळत असतो आणि अर्धा चंद्र दक्षिणेच्या बाजूला उंचावर असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध, पूर्वेकडे पडणार. मग ती तिकडे उंचावरच्या चंद्रावर कशी पोचेल? चंद्राचा जो अर्धा भाग काळा दिसतो तो फक्त सूर्याकडे पाठ केलेला भाग आहे. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. आपल्याला त्यातला किती दिसतो, एवढंच तिथीगणिक बदलतं.

तरी एक हुशार मुलगी विचारायचीच, की पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत येतात, तर दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? तक्त्यावर तर तसंच दिसतं. त्यासाठी मी लिंबू आणि काबुली चणा न्यायची. चार सेंटिमीटरचं लिंबू पृथ्वी धरलं तर चणा चंद्र होतो, आणि तो लिंबापासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. तक्त्यावर तो चार बोटांवर असतो. या मापानं सूर्य चार मीटरहून मोठा, शाळेपासून तळ्याच्या पाळीपलीकडे, पावणेपाचशे मीटरवर जातो. लिंबाची गडद सावली चण्याच्या अंतरावर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद राहते. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यानं चणा या सावलीच्या वर किंवा खाली जवळपास 11 सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावली चुकवतो. नेम लागला तर 7 सप्टेंबर 2025 च्या रात्रीसारखं ग्रहण लागतं. त्या भाद्रपद पौर्णिमेला अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि ऐंशी मिनिटांहून अधिक तसाच होता. तिथं पृथ्वीची सावली सुमारे तासाभरात चंद्रावरून सरकून आली. कलेला त्याच वाटेला पंधरवडा लागतो. सावली आणि कला ओळखायला एवढं पुरेसं आहे.

तक्त्यावरची चंद्रकोर मात्र मला आजही खटकते, कारण ती उभी काढलेली असते. भंडाऱ्यात बीजेची कोर कधीच तशी दिसत नाही. आश्विनात ती तिरकी असते आणि फाल्गुन-चैत्रात जवळजवळ आडवी, दोन्ही टोकं वर करून. उत्तरेकडच्या देशांत शरद ऋतूत ती उभी दिसते, चित्र तिकडचं आहे. पटत नसेल तर पुढच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर मुलांना घेऊन पश्चिमेकडे पाहा, आणि वहीतली कोर दिसेल तशी पुन्हा काढून घ्या.