विसरायच्या बेतात असताना

सकाळच्या लोकलला कर्जतला बसायला जागा मिळते, कारण गाडी तिथूनच सुटते. भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी जाईपर्यंत वही मांडीवर उघडी ठेवता येते. बदलापूरला गर्दी आत शिरली की वही मिटावी लागते, आणि कल्याणच्या क्लासला जाणारी मुलं म्हणतात, 'आता पुढचा वेळ फुकट.' मी अध्ययनाचं मानसशास्त्र शिकवते. मला विचाराल तर वांगणीपर्यंतचा वेळच जास्त फुकट जातो. तेव्हा मुलं वही वाचत असतात, आठवत नसतात.

रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांमध्ये पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एका फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत, उतारा समोर नसताना, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि दुसऱ्या गटाला सुमारे ६१ टक्के. गोम त्या पाच मिनिटांत आहे. वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो, आणि 'ओळखीचं वाटणं' म्हणजेच 'येणं' अशी आपली समजूत होते.

मग आठवायचं कधी? हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढचं प्रत्येक अंतर आधीपेक्षा मोठं. अंतर किती, हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात असं दिसलं की चाचणी आठवड्यावर असेल तर एखाद्या दिवसाचं अंतर चांगलं, पण ती वर्षभर लांब असेल तर जवळपास तीन आठवड्यांचं. वेळेवर आठवण्यात थोडा त्रास व्हायला हवा. झटकन आठवलं तर उजळणी लवकर झाली, अजिबात आठवलं नाही तर उशीर झाला.

याचा साधा सरंजाम म्हणजे बुटांचं खोकं. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये कप्प्यांच्या खोक्याची पद्धत मांडली. मी मुलांना पाच कप्पे करायला सांगते: १, ३, ७, २१ आणि ६० दिवसांचे. चिठ्ठीच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. मात्र चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं किंवा लिहायचं. उलटून पाहून 'हां, हेच माझ्या मनात होतं' म्हणणं चालत नाही.

खालापूरच्या एका मुलीची एक चिठ्ठी सारखी परत यायची. पुढे लिहिलं होतं, 'हॅलोअल्केनच्या नावाच्या अभिक्रिया', आणि मागे आठ ओळी. तिला सहा यायच्या, दोन राहायच्या, आणि चिठ्ठी पुन्हा पहिल्या कप्प्यात. आम्ही त्या चिठ्ठीचे तुकडे केले. 'कोरड्या ॲसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड, अभिक्रिया कोणती?' फिंकेलस्टाइन. 'ॲसिटोन कोरडंच का?' कारण तयार होणारं सोडियम क्लोराइड किंवा ब्रोमाइड त्यात विरघळत नाही, खाली बसतं, आणि अभिक्रिया पुढे सरकते. तिसऱ्या चिठ्ठीवर स्वार्ट्‌स आणि फिंकेलस्टाइन शेजारीशेजारी, कारण ती या दोघांत गोंधळायची: एकातून फ्लोराइड मिळतं, दुसऱ्यातून आयोडाइड. एकच चिठ्ठी चार-पाचदा चुकली तर दोष बहुधा चिठ्ठीत असतो.

ती एवढी लांब का नको, याचं उत्तर कार्यस्मृतीत आहे. या क्षणी मनात धरून ज्याच्यावर काम चाललं आहे, ती कार्यस्मृती. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये सातच्या आसपासचा आकडा सांगितला होता. नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो चारच्या जवळ आणला. अभ्यासाने ही जागा फारशी वाढत नाही. वाढतो तो एकेका जागेत मावणारा गठ्ठा.

एक उदाहरण घ्या. १००० किलो वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे आणि ब्रेक लावल्यावर ५० मीटरमध्ये थांबते. ब्रेकचं बल किती? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजी पेपरात आधी 'रिटार्डेशन' म्हणजे मंदन हे जुळवतो, मग ७२ ला ५/१८ ने गुणतो, मग तीन समीकरणांपैकी वेळ नसलेलं शोधतो, आणि तोवर अंतर किती दिलं होतं तेच निसटतं. ज्याला ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर हे पाठ आहे आणि शब्दही सवयीचा आहे, त्याच्या दोन जागा मोकळ्या राहतात. २० चा वर्ग ४००, भागिले १००, मंदन ४, बल ४००० न्यूटन. दोघांनाही गतीचे नियम सारखेच समजलेले आहेत. 'पाठांतर नको, समजून घ्या' हे घाऊक वाक्य मला म्हणूनच पटत नाही. पण खोक्यातून एवढंच मिळतं. नवं गणित कुठून धरायचं हे चिठ्ठीवर येत नाही. त्यासाठी गणितंच सोडवावी लागतात.

आता झोप. २०१६ मध्ये ल्योंच्या संशोधकांनी फ्रेंच लोकांना स्वाहिली शब्द शिकवले. काहींनी संध्याकाळी शिकून दुसऱ्या दिवशी सकाळी उजळणी केली, काहींनी सकाळी शिकून त्याच संध्याकाळी. अंतर दोन्हीकडे बारा तासांचंच. मध्ये रात्र झालेल्यांना पुन्हा पक्कं करायला जवळपास निम्म्याच फेऱ्या लागल्या, आणि सहा महिन्यांनीही त्यांना जास्त आठवलं. गाढ झोपेत मेंदू दिवसा शिकलेलं पुन्हा चाळतो, असं आज मानलं जातं. म्हणून नवी चिठ्ठी संध्याकाळी आणि तिची पहिली उजळणी सकाळच्या गाडीत, हा क्रम मला फार आवडतो. बदलापूरनंतर उभ्याने, हात वर धरलेले असतानाही ती होते.

अडचण अशी की किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि खोपोलीहून कर्जतला येऊन पुढे कल्याण गाठणाऱ्याला ती मिळत नाही. त्याने रात्री दहानंतर नवं काही काढू नये. अर्धवट झोपेच्या दुसऱ्या दिवशी नवं शिकणंही कच्चं राहतं, म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. परतीच्या गाडीत जागा मिळाली तर वीस मिनिटं डोळे मिटावेत. लाज वाटायचं कारण नाही.

शेवटी खोक्याचा हिशेब. रोज १५ नव्या चिठ्ठ्या काढल्या तर तीन महिन्यांनी पाचही कप्पे भरून रोज ७५ उजळण्या येतात, शिवाय चुकलेल्या वेगळ्या. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. रोज ४० काढणारे महिन्याभरात खोकं माळ्यावर टाकतात. गौरी-गणपतीत चार दिवस खंड पडला तर आधी पहिला आणि तीन दिवसांचा कप्पा उरकायचा. एकवीस दिवसांच्या चिठ्ठीला चार दिवसांचा उशीर सोसतो, एका दिवसाच्या चिठ्ठीला नाही. आणि नीट मेच्या सुरुवातीला असेल तर २५ मार्चनंतर नवी चिठ्ठी काढू नये. त्या दिवशीची चिठ्ठी २६ आणि २९ मार्चला, मग ५ आणि २६ एप्रिलला येते. त्यानंतर काढलेलीला एकवीस दिवसांचा कप्पा परीक्षेआधी जेमतेम मिळतो किंवा मिळतच नाही.